जुना युजर बंद करण्याआधी

त्या शुक्रवारी सकाळी आमच्या सिकलसेल केंद्राच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक फोटो आला. प्रयोगशाळेतल्या वरिष्ठ तंत्रज्ञांनी तो टाकला होता. अर्जुनी मोरगावच्या उपकेंद्रातल्या ताईंना त्या आठवड्यात सेटिंग जमली नव्हती, म्हणून यांनी स्क्रीनचा फोटो काढून सगळ्यांसमोर पाठवला. त्यात डेटाबेसच्या युजरचा, म्हणजे आत शिरायच्या खात्याचा, पासवर्ड स्पष्ट वाचता येत होता. फोटो त्यांनी लगेच काढला, पण ग्रुपमध्ये चाळीसेक माणसं होती आणि त्यातली निम्मी आमच्याच नेटवर्कमध्ये बसणारी.

त्या डेटाबेसमध्ये जिल्ह्यातल्या रुग्णांच्या नोंदी आहेत. कुणाला आधी कोणतं रक्त दिलं, कुणाला कशाची रिॲक्शन आली, हे तिथेच कळतं. पासवर्ड बदलायलाच हवा होता, पण यंत्रणा तासभरही बंद ठेवता येत नव्हती.

केंद्राची संगणक यंत्रणा मीच सांभाळते. मी यादी केली. आधी दुसरा युजर तयार केला, जुन्याइतकेच अधिकार असलेला, नव्या पासवर्डचा. जुनाही चालूच ठेवला, म्हणजे बदल होईपर्यंत दोन्ही चालतील. नवा पासवर्ड कुठल्याही फाईलमध्ये लिहिला नाही. गुपितं ठेवण्याच्या वेगळ्या सर्व्हरवर ठेवला. डेटाबेस वापरणारे प्रोग्रॅम, म्हणजे आमच्या सेवा, सुरू होताना तो तिथून घेतात. प्रत्येक सेवेच्या दोन प्रती चालतात. एक प्रत नव्या युजरवर आणून ती नीट काम करते हे पाहायचं, मगच दुसरीला हात लावायचा. नोंदणी, तपासणी अहवाल, रक्तमागणी, औषधसाठा. संध्याकाळपर्यंत सगळं हललं आणि एकाही खिडकीवर कुणी थांबलं नाही.

शनिवार-रविवार मी एकच गोष्ट बघत होते: जुन्या युजरने कुणी जोडलेलं आहे का? शून्य. सोमवारी सकाळीही शून्य. यादीत शेवटची ओळ उरली होती, जुना युजर बंद करणे.

तेवढ्यात तेच तंत्रज्ञ दाराशी आले. तीन दिवस ते माझ्या नजरेला नजर देत नव्हते.

"मॅडम, बंद करून राहिल्या का?"

"हो. कुणीच वापरत नाहीये."

"अर्जुनीचं मशीन?"

"सगळ्यांचंच शून्य आहे."

"शून्य तं राहीलच ना. तो कम्प्युटर बाजाराच्या दिवशीच सुरू होते. बाकी दिवस कुलूप. जंगलाकडची माणसं बाजाराले येतात तवाच रक्त तपासून घेतात."

माझ्या यादीत ते मशीन नव्हतं. यादी मीच केली होती, कार्यालयात बसून, चालू असलेल्या सेवा पाहून. बंद असलेलं मला दिसलंच नव्हतं.

"बाजार कधी?"

"उद्या. काऊन, जायचं का?"

जुन्या युजरने फक्त अर्जुनीच्या उपकेंद्राच्या नेटवर्क-पत्त्यावरूनच आत येता येईल असा नियम मी घातला, आणि दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं सकाळच्या गाडीने निघालो. वाटेत ते एकदाच बोलले, "माह्यामुळं तुम्हाले धावपळ."

त्यांना माफ करावं एवढी माझी बाजू स्वच्छ नव्हती.

केंद्रात गेलो तेव्हा एक आई तिच्या मुलीला घेऊन बाकावर बसली होती. मुलगी भिंतीला टेकली होती, ओठ पांढरे पडलेले. तिला रक्त चढवायचं होतं. ताईंनी कुलूप काढून कम्प्युटर सुरू केला. माझ्या फोनवर जुन्या युजरची जोडणी शून्यावरून एक झाली. पडद्यावर मुलीची नोंद उघडली: मागच्या वेळी रिॲक्शन, शरीरात अँटीबॉडी, विशिष्ट रक्तच द्यावे.

"मागच्या वेळी काय झालं होतं, आठवतं का?" ताईंनी आईला विचारलं.

"ताप आला होता, बाई. बाकी कागद सांगल."

तो कागद म्हणजे हीच नोंद होती. काल मी यादीतली ती शेवटची ओळ पूर्ण केली असती, तर आज हा पडदा नकार दाखवत राहिला असता.

ताईंनी मागणी गोंदियाला पाठवली. तिथून योग्य रक्त असल्याचं उत्तर येईपर्यंत मी कीबोर्डला हात लावला नाही. मग मशीन नव्या युजरवर आणलं, तीच नोंद पुन्हा उघडून पाहिली. जुनी जोडणी शून्य झाली. तिथेच, ताईंच्या खुर्चीत बसून, जुना युजर बंद केला.

परतताना तंत्रज्ञांनी विचारलं, "मॅडम, पासवर्डच्या अहवालात माहं नाव लिहान ना?"

"फोटोचं लिहावं लागेल," मी म्हटलं. "त्याखाली माझं. एक मशीन यादीत घेतलं नाही म्हणून. आणि ते कुणी सांगितलं, हेही लिहिणार."

त्यांनी डबा उघडून अर्धी भाकर माझ्यापुढे धरली.