सायन्स सोडण्याचं मान्य कारण

बोर्डाच्या निकालात मला विज्ञानात पस्तीस गुण पडले, आणि त्यातले दहा तरी परीक्षकाच्या डुलकीचे असावेत. अंकगणितात मात्र सत्याऐंशी. तरी आबांनी मला सांगलीच्या कॉलेजात सायन्सलाच घातलं. आबा म्हणजे माझे वडील, लष्करातून सुभेदार होऊन आलेले. पलटणीतल्या डॉक्टरला सलाम ठोकून ठोकून त्यांचा उजवा हात डाव्यापेक्षा वीतभर लांब झाला होता. घरात एक डॉक्टर हवाच होता.

पंधरा दिवसांत प्रयोगशाळेतल्या वायूनं मी तीनदा मेलो. चौथ्यांदा मरण्याआधी ऑफिसात गेलो.

हेडक्लार्क मान वर न करता म्हणाले, “कॉमर्सला एकच जागा उरलीय. शनिवारी रजिस्टर बंद. प्राचार्यांच्या नावे अर्ज, गुणपत्रक, पालकांची सही. आणि कारण धड लिहा. ‘झेपत नाही’ लिहिणाऱ्याला साहेब दारातूनच परतवतात.”

म्हणजे ही जागा हुकली तर वर्षभर वायू, मग नापास, मग आबांच्या हुकमानं थेट लष्करात भरती.

कारण रचण्यात पंचक्रोशीत माझा हात धरणारा कोणी नव्हता. मी लिहिलं, सांगलीच्या पेठेत आमची हळदीची पेढी आहे, वडिलांची दृष्टी गेली आहे, सांभाळणारा मी एकटाच. वाचून माझ्याच डोळ्यांना पाणी आलं. तसाच गाडीनं कोरेगावला, घरी गेलो.

आबांनी अर्ज दोनदा वाचला.

“माजी नजर कवा गेली रं?”

“आवं आबा, कारण दमदार लागतं.”

“आन् पेढी? कुटं हाय ती? बापाला आंधळा केलास, आता सही कुटं करायची तेबी तूच दाव.”

पलटणीत खालून वर जाणाऱ्या प्रत्येक अर्जावर मधल्या अधिकाऱ्यानं आपला शेरा लिहायचा, ही आबांची जन्माची सवय. सहीच्या वर त्यांनी चार ओळी खरडल्या आणि पाकीट लाखेनं बंद केलं.

“सायबाच्या हातात दे. मदी फोडलंस तर तंगडी मोडीन.”

शनिवारी प्राचार्यांनी ते फोडलं आणि शेरा मोठ्यानं वाचला.

“अर्जातील मजकूर खोटा आहे. बापाची नजर शाबूत असून त्यास गुणपत्रक वाचता येते. विज्ञान पस्तीस, अंकगणित सत्याऐंशी. पोरास सायन्सला घातले ही चूक माझी. बदलीस शिफारस.”

खोलीत पंखासुद्धा दबकून फिरत होता.

“हे कारण मान्य,” प्राचार्य म्हणाले. “तुमचं नाही. खरं तर तुम्हाला कॉलेजातूनच काढायला हवं. बाहेर उभे राहा, आणि वडिलांनी लिहिलंय तेवढंच स्वतःच्या हातानं लिहून आणा. एक शब्द जास्त नको.”

उभ्या जन्मात इतकं कमी मी कधी लिहिलं नव्हतं. हेडक्लार्कनी माझं नाव चढवलं आणि रजिस्टर जवळजवळ माझ्या बोटांवरच मिटलं.

कॉमर्स मिळालं. दिवाळीला घरी गेलो तेव्हा आबा ओसरीवर बसले होते. मला पाहून उठले, खांद्यावर टॉवेल टाकला आणि “आंधळ्याला कोन आलं ते दिसंना,” म्हणत रानात निघून गेले.