लाल खूण

कराराचा कायदा शिकवण्यात भिंगसरांचे केस पिकले, पण विश्वास म्हणून त्यांनी कधी कुणावर टाकला नाही. उत्तरपत्रिका ते भिंगाखाली धरून तपासत, म्हणून पोरांनी हे नाव ठेवलं. दूधवाल्याचं माप, वाण्याची पावती, बँकेचं पासबुक, सगळं ते ओळ न् ओळ बघत आणि बघून झाल्याची लाल खूण करत. अशा माणसाशी संसार करणाऱ्या त्यांच्या बायकोचं कौतुक करावं तेवढं थोडंच.

त्या दिवशी तपासणीच्या हॉलमध्ये त्यांच्यापुढे चौथ्या प्रश्नाचा गठ्ठा होता. प्रश्न त्यांनीच काढलेला. एका निवृत्त पहारेकऱ्याच्या खात्यात चुकून रक्कम जमा होते, तो ती खर्चून बसतो, आता देणारा परत मागतोय. करार तर झालेलाच नाही, मग द्यावी लागेल का?

पोरांनी नेहमीचं लिहिलं होतं. करार नसला तरी चुकून आलेला पैसा परत करायचा, देणाऱ्याचा हलगर्जीपणा ही काही सबब नाही. एरवीच्या घरखर्चात उडवला, तरी सुटका नाही. मात्र चूक ठाऊक नसताना, हे पैसे आले म्हणूनच एरवी केलाच नसता असा खर्च करून बसला असेल, तर तेवढ्यापुरती सूट मिळू शकते. सर भराभर गुण देत होते.

एका पत्रिकेपाशी हात थांबला. शेवटी जास्तीच्या चार ओळी होत्या: "ठाऊक नव्हतं, हे नुसतं म्हणून भागत नाही. पासबुक मागवावं. खर्चाआधी त्यानं ती नोंद पाहिली असेल, तर त्याची सबब तिथंच संपते."

सरांच्या मनात पाल चुकचुकली. प्रश्नात पासबुक कुठं होतं? हे कुणी लिहिलं? की लिहवून घेतलं?

घाबरायला कारणही तसंच होतं. गेल्या वर्षी परीक्षा विभागानं तपासणीचं मानधन त्यांच्या खात्यात दोनदा जमा केलं होतं. त्यातून सरांनी बायकोला कानाचं यंत्र घेतलं. पगारातून ते कधीच झालं नसतं. विभागाचं पत्र आलं तेव्हा सरांनी झोकात उत्तर धाडलं: मला कल्पना नव्हती, प्रामाणिकपणे खर्च झाला. विभागाच्या समितीनं मान डोलावली. कायद्याच्या मास्तराशी वाद कोण घालणार? त्या विजयाच्या खुशीतच त्यांनी हा प्रश्न काढला होता.

सरांनी मान वळवली. गठ्ठे वाटणाऱ्या कारकून बाई, सगळे त्यांना गठ्ठेबाई म्हणत, कोपऱ्यात सुतळी सोडत होत्या. मानधनाची यादी गेल्या वर्षी त्यांनीच केली होती. हिचंच कारस्थान, सरांनी ठरवून टाकलं.

"बाई, ही पत्रिका कुणाची?"

"सर, नाव झाकून क्रमांक टाकलाय. मला कसं कळणार?"

"सुट्टीच्या दिवशी तुम्ही इथं कशा?"

"जादा कामाचे मिळतात." त्या खाली बघत म्हणाल्या. "तुमच्याकडून वसुली होणार नाही म्हटल्यावर समितीनं चूक माझ्यावर टाकली. दर महिन्याला कापतात. अजून सात महिने."

त्यांच्या आवाजात राग नव्हता. म्हणूनच सरांना जास्त लागलं. समितीनं मान डोलावल्यावर पुढं काय झालं, हे त्यांनी विचारलंच नव्हतं. एरवी वाण्याला चार आण्यांसाठी धारेवर धरणारा माणूस!

सर खुर्चीवर येऊन बसले. त्या चार ओळी त्यांनी पुन्हा वाचल्या, या वेळी भिंगाशिवाय, आणि पूर्ण गुण दिले.

दुसऱ्या दिवशी त्यांनी बाईंच्या टेबलावर पैसे, ते भरून घेण्याचा एक अर्ज आणि पासबुक ठेवलं. बाईंनी अर्ज उलटासुलटा केला.

"सर, यात गोम काय आहे?"

"काही नाही."

"मग समितीनं सूट दिलेली असताना पैसे का भरताय? उद्या म्हणाल, बाईनं दबाव आणला."

भिंगसरांना आयुष्यात पहिल्यांदा कळलं, कुणी आपल्याकडे असं बघितलं की कसं वाटतं. त्यांनी पासबुक उघडून बोट ठेवलं. एकच रक्कम एकाखाली एक दोनदा, आणि दुसरीपुढं लाल खूण, शेजारी बारीक अक्षरात तारीख.

"ही खूण कुणाची?"

"माझी."

"आणि यंत्र कधी घेतलंत?"

"त्यानंतर चार दिवसांनी," सर म्हणाले. "बाई, मी बघितलं होतं."