बुधवारच्या बदल्यात रविवार

लिहिण्याचा अधिकार मला आहे असे मी मानत नाही. पन्नाशी उलटल्यावर प्रथमच लेखणी हाती घेणाऱ्याचे हे धाडस वाचकांनी कृपया पोटात घालावे.

तमिळ मुलखातल्या अंबत्तूरच्या एका लहान कारखान्यात मी कामगारांची हजेरी आणि रजा पाहतो. या औद्योगिक वसाहतीतला रिवाज असा, की दुरुस्तीसाठी ज्या दिवशी वीज बंद, त्या दिवशी सुट्टी. आणि त्याच्या बदल्यात रविवारी काम. एकदा वीज गुरुवारी जाणार होती. गुरुवारी सुट्टी, येत्या रविवारी काम, अशी बदलाची सूचना मी फळ्यावर लावली, कारखाना निरीक्षकांच्या कार्यालयालाही कळवले.

पॅकिंगमधली एक बाई ती वाचून माझ्या टेबलाशी आली. तिची मुलगी दूर वसतिगृहात शिकत होती. महिन्यातला तो एकच रविवार भेटीचा.

"सार, पोरगी फाटकाशी उभी राहील. काही करता येईल?"

मी हजेरीपुस्तक पुढे ओढले. बदल नियमात बसत होता.

दुसऱ्या दिवशी वीज मंडळाने गुरुवारऐवजी बुधवार ठरवला. मालक म्हणाले, "फक्त वार बदला."

"नाही बदलता येणार, सार." माझाच आवाज मला परका वाटला. "बदली सुट्टी रविवारच्या आधीच्या किंवा नंतरच्या तीन दिवसांतच द्यावी लागते. या रविवारपासून मागे मोजलं तर बुधवार चौथा पडतो."

"मग रविवारी ओव्हरटाइम लावा. दुप्पट पगार देतो की!"

"ओव्हरटाइम जादा तासांचा असतो. दुप्पट पैसे देऊन साप्ताहिक सुट्टी विकत घेता येत नाही."

मालक खुर्चीत मागे रेलले. "तुमच्या महाराष्ट्रात ट्रान्सफॉर्मरसुद्धा कायदा वाचून बंद पडतात वाटतं!"

ऑफिसातले सगळे हसले, मीही हसलो. पण जुनी सूचना उतरली. त्या आठवड्यात बुधवारही बंद राहिला आणि रविवारही.

कोणालाही न सांगितलेली गोष्ट अशी, की तो रविवार कामाचा असता तर मला ते हवेच होते. या शहरात माझ्याशी मराठीत बोलणारे कोणी नाही, आणि तमिळमध्ये मी कामापुरतेच बोलतो. त्या रविवारी कपडे धुतले, भात केला, दुपारी उगाच कारखान्यापर्यंत चालत गेलो. फाटकाच्या गजांतून फळ्यावरची माझीच नवी सूचना वाचली: साप्ताहिक सुट्टी, रविवार. पहारेकऱ्याने विचारले, "काही विसरलात का, सार?" मी "हो" म्हणालो आणि परतलो.

सोमवारी ती बाई मुलीने दिलेली केसांची पिन लावून आली होती. "पोरगी उंच झाली, सार," ती म्हणाली. "तुम्ही काय केलंत काल?"

"विश्रांती घेतली," मी म्हणालो.

सुट्टी मिळावी, हे कायदा पाहतो. पण ज्याची वाट पाहत कुठल्याच फाटकाशी कोणी उभे नसते, त्याने ती कशी घालवावी?