देवघराच्या भिंतीवरचा बंब

म्हस्कू मिस्त्री अंथुर्ण्याचा. बापानं जन्मभर मेंढरं राखली, ह्यानं थापी धरली. इंदापूर तालुक्यात साखर कारखाना उभा राहिला तेव्हा त्याच्या हातच्या भिंती बघून लोक म्हणायचे, म्हस्कूच्या ओळंब्याला खोट न्हाय. पण चार वर्षं झाली तरी गडी रोजंदारीवरच. कायम कामगारांच्या यादीत नाव लागलं तर वसाहतीत खोली मिळणार होती. बायको सारजा रोज विचारायची, "झालं का वो कायम?" आणि हा रोज मान खाली घालायचा.

अशात मोठ्या इंजिनियरसाहेबांच्या बंगल्यावर मुंबईहून विजेचा बंब आला. पांढराशुभ्र, भिंतीवर टांगायचा, दहा गॅलनचा. साहेब म्हणाले, "म्हस्कू, हे नीट बसव. पुढच्या यादीत तुझं नाव घालतो."

म्हस्कूनं न्हाणीघरात जाऊन भिंत ठोकली आणि त्याचं तोंड उतरलं. भिंत साडेचार इंची, एकेरी विटेची.

"साहेब, पाणी भरल्यावर ह्यो दोन मण व्हनार. ह्या भितीत बोल्ट नुसतं पुरून भागायचं न्हाय. आरपार घालू, पल्याडनं लोखंडी पट्टी देऊ, वायसर-नट आवळू. मग हत्ती टांगा."

"पलीकडे माझं देवघर आहे!" बाईसाहेब दारातूनच कडाडल्या. "न्हाणीतलं लोखंड माझ्या देवांच्या डोक्यावर? अजिबात नाही."

"मग ती भाईरची भित घ्या. नऊ इंची हाय."

"नळ इकडे आलेत," साहेब वैतागले. "आता पुन्हा फोडाफोडी नको. जमत नसेल तर सांग, बारामतीहून दुसरा बोलावतो."

संपलं! दुसरा आला की यादीतलं नाव गेलं. म्हस्कू म्हणाला, "जमतंय."

अरे, जमत नव्हतं! त्यालाच सगळ्यांत जास्त ठाऊक होतं. बाकी सगळं त्यानं चोख केलं. वर झाकण निघायला वीतभर जागा, खाली पाइपांना हातभर, बाजूला पान्हा फिरेल एवढं अंतर. विजेचं बटण न्हाणीच्या दाराबाहेर. सिमेंटात घट्ट धरावेत म्हणून फुटक्या शेपटीचे चार बोल्ट पुरले, आठ दिवस पाणी मारून भिजवले, मगच बंब टांगला. पण तीन इंच पुरलेला बोल्ट तो तीन इंचच. त्याच्या मागं दीड इंचाची वीट, आणि तिच्यामागं देव.

नाव लागलं. खोली मिळाली. सारजानं दारात रांगोळी काढली.

चौथ्या महिन्यात काहीतरी दुरुस्तीला म्हणून तो बंगल्यावर गेला तर वरच्या दोन बोल्टांभोवती केसाएवढी चीर. सांगावं? सांगितलं तर 'तूच बसवलास ना?' म्हणतील. त्यानं बोटानं सिमेंट दाबलं, वरून चुना फासला आणि घरी आला.

पंधरा दिवसांनी सरुबाई, बंगल्यावर धुणंभांडी करणारी, न्हाणी घासत होती. वरचे बोल्ट विटेचे तुकडे घेऊन निघाले, बंब पुढं कलला आणि आला तो तिच्या मांडीवर. पाइप तुटला, कढत पाणी अंगावर. बाईसाहेबांनी बाहेरचं बटण बंद केलं म्हणून विजेचा तडाखा तेवढा टळला. पाय मोडला तो मोडलाच.

चौकशीत साहेबांनी विचारलं, "काम पक्कं होतं ना, म्हस्कू? की तुझी चूक लिहू?"

साहेबांच्या कागदात साहेबांची चूक लिहायला जागाच नव्हती. म्हस्कूच्या डोळ्यांपुढं दारातली रांगोळी आली. तो म्हणाला, "पक्कं व्हतं. पर ती बाई पाइपावर वल्लं धुणं टाकायची."

तिनं एकदाच टाकलं होतं. एक फडकं. तेवढ्या फडक्यावर तिचं काम गेलं.

नवा बंब आला. साहेब म्हणाले, "आता आरपारच घाल." बाईसाहेबांनी ताम्हनात देव घेतले, स्वयंपाकघरातल्या फडताळात मांडले, उदबत्ती लावली. चहा निवायच्या आत देवघर हललं.

म्हस्कूनं मागं पट्टी लावली, नट आवळले. बंब चढवण्याआधी ब्रॅकेटला दोन्ही हातांनी लोंबकळून पाहिलं. तसूभर हललं नाही.

तेवढ्यात मागच्या दारात काठी वाजली. सरुबाई. बसून करण्यासारखं काही काम आहे का, विचारायला आली होती. बाईसाहेबांनी आतूनच नाही म्हणून सांगितलं. ती वळणार, तोच तिची नजर उघड्या देवघरात गेली. रिकामी भिंत, लोखंडी पट्टी, चार नट.

"म्हस्कूदादा, देव कुठं गेलं?"

"सैपाकघरात," तो खाली बघत म्हणाला.

"रागावलं का?"

"न्हाय."

सरुबाईनं काठीवर रेलून त्या नटांकडं बोट केलं.

"मग माझा पाय मोडायच्या आदीच इचारायचं की रं त्यास्नी."