गृहिणी, वय त्रेपन्न

आमच्या लॅबमध्ये सगळे तिला मावशी म्हणत. माझी ती कुणी लागत नव्हती, पण काम मला तिनेच शिकवलं, तेही शिव्या घालून. दातांचे डॉक्टर आमच्याकडे तोंडाचे साचे पाठवतात आणि आम्ही त्यावर कवळ्या करतो. कवळीच्या आत धातूचा सांगाडा असतो. तो घासून गुळगुळीत करणं हे मावशीचं काम. एकतीस वर्षं ती खिडकीजवळच्या त्याच टेबलाशी बसली. मी केलेल्या सांगाड्याच्या कडेवरून बोट फिरवायची आणि "टोचतंय. घालणारा तुझ्या नावाने खडे फोडेल," म्हणून माझ्यापुढे परत आदळायची. तिने स्वतः घासलेली कवळी दुरुस्तीला परत आलेली मी कधी पाहिली नाही.

घासताना धूळ उडते, धातूची आणि साच्याच्या मसाल्याची. ती ओढून घ्यायला प्रत्येक टेबलाला सक्शनची नळी असते. आमच्याकडेही होती, शोभेला. तिच्या आवाजात केबिनमध्ये फोनवरचं ऐकू येत नाही म्हणून मालक ती बंद ठेवायचा. आतली धूळ साठवायची पिशवी फाटून चार वर्षं झाली होती. मावशीने दर महिन्याला आठवण करून दिली आणि मालकाने दर महिन्याला मान डोलावली. संध्याकाळी आम्ही नाक शिंकरलं की रुमाल राखाडी व्हायचा. त्यावर आम्ही विनोदही करायचो. आता ते विनोद आठवले की स्वतःच्याच थोबाडीत द्यावीशी वाटते.

मावशीचा खोकला कोरडा होता. आधी जिन्यावर यायचा, मग चपला घालताना, मग बोलताना. एक दिवस ती टेबलावरच डोकं टेकून धापा टाकू लागली, तेव्हा मालकाने स्वतःच्या गाडीतून तिला मोठ्या दवाखान्यात नेलं. मावशीला मूलबाळ नाही, नवरा कधीच गेलेला. मालक तीन दिवस तिच्याबरोबर धावपळ करत होता. कोण माया करतो एवढी, असं सगळे म्हणाले. मीही म्हणाले, ते लपवून काय करू?

फुफ्फुसांचे फोटो काढले, तरी चित्र स्पष्ट होईना, म्हणून फुफ्फुसाचा तुकडा काढून तपासला. रिपोर्ट आला. फुफ्फुसांना आतून व्रण पडून ती कडक होत चालली आहेत आणि हा आजार 'इडिओपॅथिक' आहे. मालकाने तो कागद लॅबमध्ये सगळ्यांना उभं करून वाचून दाखवला. त्या शब्दावर बोट ठेवलं आणि म्हणाला की याचा अर्थ आपोआप झालेला, मोठ्या डॉक्टरांनीच लिहून दिलंय, तेव्हा सक्शनच्या नावाने कुणी उगाच कुजबुज करू नये. मावशी तिथेच स्टुलावर बसली होती. तिने दात ओठ खाल्ले, पण बोलायला दम नव्हता.

मी तिला घरी सोडत होते, तेव्हा ती मला म्हणाली, "मी मरायला भीत नाही गं. पण हा शब्द माझ्या छातीवर ठेवून तो मोकळा सुटणार, ते मला नको. तो खोडायला लाव."

तिला दुसरं काही नको होतं. मला तर त्याचे दात त्याच्याच घशात घालायचे होते.

तो रिपोर्ट देणाऱ्या फुफ्फुसांच्या डॉक्टरबाईंकडे आम्ही दोघी गेलो. मी रागानेच विचारलं, की आपोआप म्हणजे काय हो? डॉक्टरबाईंनी पेन खाली ठेवलं. "आपोआप नाही. इडिओपॅथिक म्हणजे आम्ही शोधलं आणि कारण सापडलं नाही. कारण नव्हतंच, असा त्याचा अर्थ होत नाही. आणि तो शब्द सगळ्यात शेवटी लिहायचा असतो. सांध्यांचा आजार, एखादी गोळी, घरातली कबुतरं, बुरशी, कामावरची धूळ, हे सगळं एकेक करून वगळल्यावर."

मावशी म्हणाली की कबुतरांचं विचारलं होतं, गोळ्यांचंही विचारलं होतं. कामाचं कुणी विचारलं नाही.

"कारण ते फॉर्मवर होतं," म्हणत डॉक्टरबाईंनी फाइल उघडली आणि फॉर्म आमच्याकडे वळवला. व्यवसायाच्या रकान्यात लिहिलं होतं: गृहिणी. अक्षर मालकाचं होतं. त्याचा तो लांब शेपटीचा 'ग' मी रोज कामाच्या चिठ्ठ्यांवर बघते. मावशी आत फोटो काढून घेत होती, तेव्हा बाहेर बसून त्याने प्रेमाने फॉर्म भरला होता.

मावशीने आपले दोन्ही हात टेबलावर पालथे ठेवले. एकतीस वर्षांच्या घासकामाने नखांच्या कडा काळ्या आणि बोटांची टोकं सपाट झाली होती. मग एका दमात जेमतेम चार शब्द बोलत तिने सगळं सांगितलं. मसाला, धातू, बंद सक्शन, फाटकी पिशवी. डॉक्टरबाई लिहून घेत राहिल्या. शेवटी म्हणाल्या, "फॉर्मवर विसंबायला नको होतं. मी तुम्हाला तोंडाने विचारायला हवं होतं. ही चूक माझी." डॉक्टर माणूस असं बोलतो हे मी पहिल्यांदा ऐकलं आणि माझा त्यांच्यावरचा राग जागीच विरला. मालकावरचा मात्र दुप्पट झाला.

काढलेला तुकडा दवाखान्याने जपून ठेवला होता. या वेळी काय शोधायचं ते कळवलं होतं, म्हणून तो खास प्रकाशाखाली पुन्हा पाहिला. व्रणांच्या आत बारीक कण चमकले. कणांची वेगळी तपासणी केली, तर त्यात साच्याच्या मसाल्यातली सिलिका निघाली, सांगाड्याच्या धातूतलं कोबाल्ट आणि क्रोमियम निघालं. आमच्याच टेबलावरची धूळ. तीन आठवड्यांनी सुधारित रिपोर्ट आला. त्यात आजाराचं नाव होतं, कारण होतं, तिचा व्यवसाय होता, वर्षं होती. इडिओपॅथिक हा शब्द कुठेच नव्हता. मावशीने तो दोनदा वाचून घेतला. व्रण जाणार नव्हते, श्वास परत येणार नव्हता. तरी ती इतक्या समाधानाने हसली की मला तिची भीती वाटली.

डॉक्टरबाई म्हणाल्या की आता हे कामगारांच्या आरोग्याच्या कार्यालयाला कळवावं लागेल आणि तपासणीला माणसं येतील. मालकाचं दुकान तिथेच संपलं, हे आम्हाला दोघींना कळलं. मला वाटलं, झालं, उट्टं निघालं. मग त्यांनी नवा कागद पुढे ओढला.

"त्या खोलीत घासायला आणखी कोण कोण बसतं? सगळ्यांना बोलावून तपासते. लवकर कळलं आणि धुळीतून बाहेर काढलं, तर बरंच वाचवता येतं."

मावशीने चार नावं सांगितली, पहिलं माझं. मग थांबली. मालकही आधी वीस वर्षं आमच्याच रांगेत मशीनवर बसलेला. अजूनही घाईचं काम आलं की स्वतः घासतो. गेल्या वर्षापासून तोही जिना चढला की खोकतो आणि एसीला दोष देतो. मावशीने तो खोकला माझ्याआधी ओळखला होता. पहिल्याच दिवशी मला कोपराने ढोसून म्हणाली होती, ऐक, माझ्यासारखाच आहे.

"आणि मालक?" डॉक्टरबाईंनी विचारलं.

"तो केबिनमध्ये असतो," मावशी म्हणाली. "फोनवर."

डॉक्टरबाईंनी माझ्याकडे पाहिलं. एकदा चुकल्या होत्या, म्हणून आता विचारून खात्री करत होत्या. मला वाईट वाटायला हवं होतं. मला त्या कागदावरचा लांब शेपटीचा 'ग' दिसत होता.

"हो," मी म्हटलं. "केबिनमध्येच."

त्यांनी चार नावांखाली रेघ मारली.