आजी नव्हे, थोरल्या जाऊबाई

छापखाना बंद पडल्यावर मी काही महिने घरीच होते. मुद्रितशोधनाशिवाय मला दुसरं काही येत नव्हतं, आणि मुद्रितं तपासायला माणूस लागतो असं आता कुणी म्हणत नव्हतं. एक दिवस शेजारची मुलगी आली. कॉलेज रोडला तिचं छोटं ऑफिस आहे. घरगुती उद्योग करणाऱ्यांच्या मोबाइलवरच्या जाहिराती ती सांभाळते.

"काकू, कॅप्शन आता मशीनच लिहून देतं," ती म्हणाली. "पण सगळ्यांची कॅप्शन सारखीच वाटतात. पापडवाली काय नि पैठणीवाली काय! तुम्ही जरा हात फिरवाल का?"

मी गेले. तिचे उपकार मी विसरणार नाही.

माझ्याकडे आलेल्या पहिल्याच बाई सायखेड्याच्या. काळा मसाला करून विकतात. त्यांनी फोटो पाठवले होते आणि मशीनने त्यावर मजकूर तयार केला होता: 'चुलीच्या मंद आचेवर भाजलेला, पाट्यावर वाटलेला, दगडफुलाच्या ताज्या पाकळ्यांनी दरवळणारा, आजीच्या मायेचा अस्सल कोल्हापुरी स्वाद!'

व्याकरणाची चूक एकही नव्हती. तरी मला ते खरं वाटेना. मी बाईंना फोन लावला आणि मजकूर वाचून दाखवला. पलीकडून खो खो हसू आलं.

"अहो मॅडम, चूल कुठली? गॅसवर भाजते मी. आन पाट्यावर एवढा मसाला कोण वाटंल? कांडप गिरणीत डंकावर कुटून आणते. दगडफुलाला पाकळ्या नसत्यात, ते दगडावरचं वाळलेलं शेवाळ दिसतं तसं असतं. आन कोल्हापूरचा काय संबंध?"

"आणि आजी?"

"आजीला तर मी पाह्यलंबी नाय."

मी एकेक शब्द खोडत गेले. शेवटी उरलं फक्त 'भाजलेला'.

मग मी त्यांना म्हटलं, तुम्ही मसाला कसा करता ते मला नुसतं बोलून पाठवा, शेजारणीला सांगता तसं. त्यांनी भाजता भाजता व्हॉइस नोट पाठवली. मागे झाऱ्याचा आवाज, मधेच ठसका, "थांबा हं", परत बोलणं. मी ती ऐकून उतरवून काढली आणि मशीनला दिली. सोबत बजावलं की बाईंनी सांगितलं नाही ते घालू नकोस. मजकूर बराच सुधारला. चूल गेली, कोल्हापूर गेलं. आजी मात्र शेवटच्या ओळीत पुन्हा येऊन बसली!

तेव्हा मी तो मसुदा बाजूला ठेवून त्यांच्याच शब्दांत लिहिलं. 'लय', 'नाय', 'आन', सगळं जसंच्या तसं. मला वाटलं, हाच त्यांचा खरा आवाज. मोठ्या हौसेने पाठवलं. त्यांचा फोन आला तो नाराजीचा.

"ताई, मी बोलते तशी हे खरं हाय. पण लिहिताना मी असं लिहीन का? लोक म्हणतील, बाई अडाणी हाय."

त्या चुकीचं बोलत नव्हत्या. मग आम्ही दोघींनी फोनवरच वाट काढली. लिहायचं साधं, सगळ्यांना कळेल असं. पण वाक्यं त्यांची, छोटी. 'खोबरं बदामी झालं की उतरवायचं, काळं करायचं नाही' हे त्यांचंच वाक्य राहिलं. मी प्रत्येक ओळ मोठ्यांदा वाचायची आणि विचारायचं, "हे तुम्ही ओट्याशी उभ्या राहून बोलाल का?" त्या "हो" म्हणाल्या तर ठेवायची. आणि त्यांनी पाहिल्याशिवाय काहीही टाकायचं नाही.

राहता राहिली ती शेवटची ओळ. मी विचारलं, "आजीने नाही, मग शिकवलं कुणी?"

"थोरल्या जाऊबाईंनी. लग्न होऊन आले तेव्हा मला कायबी येत नव्हतं. त्यांनी हाताला धरून शिकवलं." मग आवाज खाली गेला. "वाटणी झाली तेव्हापासून बोलत नाहीत माझ्याशी. अंगणात भिंत हाय आता."

मी लिहिलं: 'हा मसाला मला माझ्या थोरल्या जाऊबाईंनी शिकवला. त्यांच्या हाताची चव अजून माझ्या हाताला आलेली नाही.' दुसरं वाक्यही त्यांचंच, त्या व्हॉइस नोटमध्ये कुणाचं नाव न घेता ओघात आलेलं.

शेजारची मुलगी ऑफिसात म्हणाली, "काकू, आजी ठेवा ना. लोकांना आजी आवडते." मी म्हटलं, "नसलेली आजी कशी ठेवू? बाईंनाच विचारू या." तिने ते लगेच मान्य केलं, याचं मला आजही कौतुक वाटतं.

बाईंचं उत्तर लवकर आलं नाही. मलाच धास्ती वाटायला लागली. एखाद्याच्या घरातली दुखरी गोष्ट आपण चव्हाट्यावर तर मांडत नाही ना? मी कळवलं, नको असेल तर ओळ काढून टाकू, राग मानू नका. त्यावर दोनच शब्द आले: "टाका, ताई."

टाकलं. नेहमीसारखे अंगठे, बदाम आले. आणि मग एका सकाळी बाईंचा फोन. रडत होत्या की हसत होत्या, मला कळेना.

"ताई, जाऊबाई भिंतीपाशी आल्या होत्या! त्यांच्या सुनंनं मोबाइलमधी दाखवलं. मला हाक मारली. म्हणाल्या, 'काय गं, मिरची आधी भाजायची असं मी कधी शिकवलं तुला? मिरची सगळ्यात शेवटी! आधी भाजली तर ठसक्यानं बाकीचं भाजता येतंय का?'"

मी कॅप्शन उघडून पाहिलं. खरंच, व्हॉइस नोटमध्ये बाईंनी मिरचीचं नाव आधी घेतलं होतं आणि मी त्याच क्रमाने लिहिलं होतं. त्यांनीही वाचून होकार दिला होता.

"मग तुम्ही काय म्हणालात?"

"म्हणाले, चुकलं, बाई. या, परत दाखवा. आन त्या आल्या. दारानं आल्या, चहा घेतला."

मी तिथल्या तिथे कॅप्शन दुरुस्त केलं. छापखान्यात असताना मी हजारो चुका काढल्या असतील, पण चूक निघाल्याचा एवढा आनंद मला कधी झाला नव्हता.

पुढे त्यांनी मला जेवायला बोलावलं. काळ्या मसाल्याची वांग्याची भाजी आणि बाजरीची भाकरी होती. थोरल्या जाऊबाई पाट घेऊन समोरच बसल्या. मशीनने लिहिलेला नवा मजकूर मी वाचायला घेतला, तर दुसऱ्याच ओळीला त्यांनी हात वर केला.

"'मनमोहक सुगंध' काय गं? वास म्हण ना. वास सुटला की गल्लीला कळतं."

धाकट्या जाऊबाई हसता हसता म्हणाल्या, "लिहून घ्या, ताई."

मी घेतलं. एका हातात भाकरीचा तुकडा होता, दुसऱ्या हाताने मोबाइलवर लिहीत होते. भिंत अजून तशीच आहे, वाटणीही आहे तशीच. पण भाजायच्या दिवशी दोघी एकाच ओट्याशी असतात. हल्ली येणाऱ्या व्हॉइस नोटमध्ये दोघी एकमेकींचं बोलणं तोडत असतात, आणि कुठलं वाक्य कुणाचं ते विचारायला मला दोनदा फोन करावा लागतो. आता कुणी विचारलं तर मी सांगते, मला काम आहे, आणि भरपूर आहे.