हजार फायलींची एक फाइल

वलगावच्या बायकांच्या तोंडचे वऱ्हाडी शब्द मी वर्षभर फोनमध्ये रेकॉर्ड केले होते. एका शब्दाची एक छोटी फाइल, अशा हजारो झाल्या. त्या न्यायला अकोल्याचा मित्र लॅपटॉप घेऊन घरी आला. मी केबल लावून फोल्डर ओढलं, पण कॉपी किती झाली ते दाखवणारी हिरवी पट्टी पुढे सरकेचना.

कचेरीत संगणकावर काम करणारी माझी बायको म्हणाली, "काहून पुरं फोल्डर ओढून राहिले? दर फाइलीले फोन नव्यानं सुरुवात करते, त्यातच वेळ जाते. फोनमंदीच झिप करा अन् एकच फाइल घ्या."

"झिप केल्यानं आवाजाची फाइल लहान होते का?" मी विचारलं.

"फारशी नाई. पण हजाराची एक फाइल होते ना!"

तिने कॉपी थांबवली, फोनमध्ये जागा आहे का पाहिलं आणि झिप केली. चहा उकळेपर्यंत ती मोठी फाइल लॅपटॉपवर आली. उघडून मोजल्या, तर एकही फाइल कमी नव्हती.

"वहिनी, हे आमाले कोणीच सांगितलं नव्हतं," मित्र म्हणाला.

त्याला स्टँडवर सोडून येताना भेटेल त्याला मी बायकोच्या कौतुकाने सांगत होतो, "हजाराची एक फाइल आमच्या घरच्यांनी केली!"